सरांच्या कॉम्प्युटरला न सापडलेली फाइल

काकूंचा फोन आला तेव्हा मी सौंसरच्या माझ्या कॉम्प्युटर रिपेरिंगच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. काकू म्हणजे आमच्या टायपिंगच्या सरांच्या पत्नी. पांढुर्ण्याला राहतात. त्या सहसा फोन करत नाहीत, म्हणून मी गिऱ्हाइकाला तसंच सोडून बाहेर आलो.

"अरे, जुना कॉम्प्युटर जळला न बाप्पा. लाइट कमीजास्त होऊन राहिली होती, धूर निघाला त्यातून. पोरीनं नागपुराहून नवा पाठवला. पण त्याच्यात सरांचा प्रोग्राम चालूच होत नाई."

"किती दिवस झाले?"

"वीस."

वीस दिवस! मी काकूंवर चिडलो आणि लगेच स्वतःवरही. काहून नाही सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "तू कामात असशील म्हून." मी रविवारी येतो म्हटलं, आणि रविवारपर्यंत थांबवेना म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळची बस धरली.

सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट पांढुर्ण्याच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या वर होती. जिना इतका अरुंद, की उतरणारा आधी आणि चढणारा नंतर. वर बारा मशिनी. बारा जण एकदम बडवायला लागले की खालचा किराणावाला छताकडे पाहून हात जोडायचा. मी रोज सौंसरहून बसने यायचो, दिवाळीनंतर संत्र्यांच्या पेट्यांमध्ये अंग चोरून बसत. सर आमच्या बोटांवर रुमाल टाकायचे. रुमालाखाली कोणतं बोट कुठं जातं ते त्यांना आवाजावरून कळायचं. "करंगळी झोपून राहिली तुझी," असं ते खिडकीतून बाहेर पाहत म्हणत आणि ते नेहमी खरं असायचं. त्या आवाजाची आठवण मला आजही येते. माझ्या दुकानात आता की-बोर्डांचा आवाजच होत नाही, आणि मला ते आवडत नाही.

पुढे मशिनी गेल्या आणि सरांनी एक कॉम्प्युटर घेतला. त्याच सुमारास मी सायकलवरून पडून उजवा हात मोडून घेतला. परीक्षा जवळ. सर म्हणाले, डाव्या हातानं सराव कर, बोटांना सवय तर राहील. पण एका हातानं शिफ्ट दाबून धरायचं आणि त्याच हातानं अक्षर मारायचं, हे जमेना. मी तेव्हा नुकता सी प्लस प्लस शिकत होतो आणि मला वाटायचं, जगातली सगळी दुखणी त्यानं बरी होतात. इन्स्टिट्यूटच्याच कॉम्प्युटरवर बसून मी एक प्रोग्राम लिहिला. जुन्या टाइपरायटरचीच अक्षरं, त्याच जागा. शिफ्ट एकदा दाबून सोडायचं, मग अक्षर. पडद्यावर अक्षरं हाताच्या पंजाएवढी. कॉम्प्युटरमध्ये तशी सोय आधीच असते, हे मला ठाऊक नव्हतं. सरांनाही नव्हतं. त्यांनी तो प्रोग्राम दोन दिवस तपासला, आठ चुका काढल्या, आणि शेवटी "बरा आहे" म्हणाले. सरांकडून "बरा आहे" मिळालेला मी त्या वर्षीचा एकटाच.

इन्स्टिट्यूट बंद झाली तेव्हा तो कॉम्प्युटर सरांनी घरी नेला. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ वळेना. डोकं मात्र शाबूत. बोलायला जायचे आणि तोंडातून नुसता घोगरा आवाज निघायचा, मग ते भिंतीकडे तोंड करायचे. मोबाइलवर लिहायचा प्रयत्न त्यांनी दोन दिवस केला आणि मोबाइल परत केला. एका दुपारी ते स्वतःच उठून कॉम्प्युटरपाशी गेले आणि माझा तो प्रोग्राम उघडून डाव्या हातानं लिहायला लागले. तेव्हापासून ते असं बोलत. सर लिहीत आणि काकू मोठ्यानं वाचत, जणू शब्द ऐकू आल्याशिवाय बोलणं पुरं होत नाही. मी भेटायला गेलो की सर लिहीत, "जाड झाला", आणि काकू तेच मला वाचून दाखवत. मला त्या प्रोग्रामचा इतका गर्व वाटायचा, की दुकानात येईल त्याला मी तो किस्सा सांगत असे.

मी पोचलो तेव्हा सर खुर्चीत बसले होते. त्यांनी डावा हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला. नव्या कॉम्प्युटरच्या पडद्याला अजून दुकानाचं पातळ प्लॅस्टिक चिकटलेलं होतं. मुलीनं जळलेल्या कॉम्प्युटरची डिस्क नागपूरला नेऊन सगळ्या फाइली काढून आणल्या होत्या. मराठीत लिहायचं दुसरं काहीतरीही त्यात घालून दिलं होतं. काकू म्हणाल्या, सरांनी त्यात चार अक्षरं मारली आणि की-बोर्ड ढकलून दिला.

मी माझ्या प्रोग्रामवर दोनदा क्लिक केलं. पाटी आली. प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही, कारण कॉम्प्युटरमध्ये एमएसव्हीसीआर १०० डॉट डीएलएल ही फाइल नाही. प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करून पहा.

पुन्हा इन्स्टॉल काय करणार, कप्पाळ! इन्स्टॉल करायचं असं मी काही बनवलंच नव्हतं. मी नुसती एक फाइल बनवून ठेवली होती. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामला चालताना काही तयार फाइलींची मदत लागते. त्या ज्या पॅकेजमधून येतात त्याला रीडिस्ट्रिब्युटेबल म्हणतात, आणि शहाणा माणूस आपल्या प्रोग्रामबरोबर ते देतो. इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर मीच टाकलं होतं, त्याच्यासोबत त्या फाइली आल्या होत्या. म्हणून इतकी वर्षं काही अडलं नाही. सरांनी काढलेल्या आठ चुकांत ही नववी राहून गेली होती, आणि ती माझी होती. वीस दिवस माणूस घरात मुका बसला तो माझ्यामुळे.

हे कळल्यावर तरी मी शांत बसायला पाहिजे होतं. पण आम्हा दुकानवाल्यांची एक वाईट सवय आहे. सौंसर-पांढुर्ण्यात रिपेरिंग करणाऱ्या प्रत्येकाजवळ एक पेन ड्राइव्ह असतो, त्यात इकडून तिकडून गोळा केलेल्या असल्या तयार डीएलएल फाइली. गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर जी फाइल मागेल ती पेन ड्राइव्हमधून चिकटवायची आणि पैसे घ्यायचे. आम्ही त्या फाइली एकमेकांना देतोही, लोणच्याच्या वाटीसारख्या. माझ्याजवळ ती होतीच. मी ती प्रोग्रामच्या शेजारी टाकली आणि ऐटीत म्हटलं, "पाहा काकू."

नवीनच पाटी आली. ॲप्लिकेशन नीट सुरू करता आलं नाही, आणि शेवटी शून्य-एक्स-सी अशी सुरू होणारी आकड्यांची माळ. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "दुसरंच काई म्हणून राहिला का तो?"

फाइल कुठून आलेली, कोणत्या जातीची, मी कधी पाहिलंच नव्हतं. मी ती काढून टाकली. मग नीट विचार केला. कॉम्प्युटरवर या पॅकेजची नवी आवृत्ती आधीपासूनच होती, पण ती उपयोगाची नव्हती. फाइलच्या नावातलं १०० म्हणजे दहावी आवृत्ती, म्हणजे २०१० सालचं पॅकेज. नव्यानं जुन्याचं काम होत नाही, तेच लागतं. मोबाइलचं इंटरनेट जोडून मी ते बनवणाऱ्यांच्याच साइटवर शोधलं. तिथं दोन होती, एकावर एक्स ६४ आणि दुसऱ्यावर एक्स ८६. कॉम्प्युटर चौसष्ट बिटचा, म्हणून मी बेधडक चौसष्टवालं घेतलं. इन्स्टॉल झालं. क्लिक केलं.

पुन्हा तीच पहिली पाटी. फाइल नाही.

मी टेबलावर हात आपटला. "अबे, आत्ता तर टाकली!" असं कॉम्प्युटरवर ओरडलो. मग लाज वाटली, कारण सर माझ्याकडे पाहत होते. त्यांनी डाव्या हाताची बोटं मांडीवर हळूहळू वाजवली. मी चुकलो की ते असंच करायचे, मशीनच्या पत्र्यावर, न रागावता. मी उठून खिडकीपाशी गेलो.

आणि माझ्या डोळ्यांसमोर तो जुना कॉम्प्युटर आला. पिवळट डबा, पंख्याचा आवाज, सुरू व्हायला चहा पिऊन होईल इतका वेळ. सरांनी तो जुनाच विकत घेतला होता. मला त्याच्यावर चौसष्ट बिटचं काहीतरी टाकायची फार हौस होती, आणि ते कधी चाललं नाही, कारण त्याचं विंडोज बत्तीस बिटचं होतं. बत्तीसवर चौसष्टचा प्रोग्राम चालतच नाही. मग तिथं लिहिलेला आणि तिथंच इतकी वर्षं चाललेला माझा प्रोग्राम बत्तीसचाच असणार. पॅकेज घरानुसार घ्यायचं नसतं, पाहुण्यानुसार घ्यायचं असतं. नवा कॉम्प्युटर चौसष्ट बिटचा असला तरी बत्तीसच्या प्रोग्रामला बत्तीसच्याच फाइली लागतात. त्या एक्स ८६ मध्ये होत्या, बत्तीसवाल्याला तसंच म्हणतात. रोज दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा मी, स्वतःच्या प्रोग्रामचं वय आणि जात विसरलो होतो.

एक्स ८६ उतरवायला दोन मिनिटं लागली. या वेळी मी ऐट केली नाही. काकूंनाही पाहा म्हटलं नाही. क्लिक केलं आणि हात मागे घेतले.

पांढरा पडदा आणि उभी रेघ लुकलुकायला लागली. वर माझ्याच हातानं तेव्हा लिहिलेलं, "सराव सुरू करा."

मी खुर्ची सरकवून सरांना टेबलाशी आणलं. त्यांनी पडद्यावरचं प्लॅस्टिक आधी सोलून काढलं, नीट घडी केली. मग डावा हात की-बोर्डवर ठेवला. मला वाटलं, माझ्यासाठी काही लिहितील. खोटं कशाला बोलू, मी वाट पाहत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते काकूंकडे वळले, आणि त्यांचं बोट शिफ्टवर गेलं, सुटलं, अक्षरावर पडलं. एकेक अक्षर पडद्यावर उतरत गेलं आणि काकू ते उतरता उतरताच वाचत गेल्या.

"चहात... साखर... दोन... चमचे... जास्त... पडून... राहिली."

काकू थांबल्या. "कवापासून?"

सरांनी लिहिलं, "वीस दिवस."

"मंग हातानं तरी सांगायचं न! मी आपली, तुम्हाले बरं वाटावं म्हून..." पदर तोंडाशी धरून त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मलाही रडू आलं, मी ते लपवलं नाही. सरांच्या गळ्यातून तो घोगरा आवाज निघाला. ते हसत होते.

काकूंनी डोळे पुसले. मी चहाला थांबेन का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी भिंतीजवळचा स्टूल ओढला, सरांच्या खुर्चीला चिकटवला, त्यावर बसल्या आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाल्या, "आता सांगा. आणखी काय काय राहिलं सांगायचं?"