उणे दोनची जागा

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर विभागाची एक पूर्णवेळ जागा भरायचं ठरलं, तेव्हा खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. विभागप्रमुख मी, वेळापत्रकाची ओढाताण माझी, आणि हक्काचा माणूस नाही म्हणून दर सत्रात प्राचार्यांपुढे रडणारीही मीच. पण जाहिरात लागली आणि मला धाकधूक सुरू झाली. कारण त्या जागेचं काम इतकी वर्षं हिंगणीचे सर करत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचंच मानधन, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. जागा त्यांना मिळाली तर उत्तम. दुसऱ्या कुणाला मिळाली तर त्यांचे सगळे तास त्या दुसऱ्याकडे जाणार होते. नापास झाले तरी निदान आहे ते राहील, अशी सोय त्यात नव्हती.

हिंगणीचे म्हणून हिंगणीचे सर. रोज सकाळी तिकडून मोटरसायकलने वर्ध्याला यायचे, हेल्मेट माझ्या कपाटावर ठेवायचे आणि मी किती वेळा सांगितलं तरी ते तिथेच ठेवायचे. शिकवायचे मात्र असे की मागच्या बाकावरची मुलंही मोबाईल विसरायची. बोलायचे वऱ्हाडीत. इंग्रजी पुस्तकातला अल्गोरिदम त्यांच्या तोंडून ऐकला की तो सेलूच्या बाजारातून आलाय असं वाटायचं. माझं त्यावर काही म्हणणं नव्हतं. संस्थेतल्या काही लोकांचं होतं.

मुलाखतीच्या दिवशी प्रत्येक उमेदवाराने खऱ्या विद्यार्थ्यांसमोर वीस मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. विषय सगळ्यांना एकच, ऐन वेळी दिलेला: काऊंटिंग सॉर्ट, म्हणजे मोजणी करून आकडे चढत्या क्रमाने लावायची रीत, आकड्यांमध्ये उणे आकडेही असताना, आणि समान आकड्यांचा आधीचा क्रम न मोडता. विषय बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी काढला होता. समितीत ते, संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य आणि मी. अध्यक्षांची सोयाबीन आणि कपाशीची मोठी शेती, माणूस व्यवहारी आणि मनाने वाईट नाही. पण सॉर्ट म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारण्यात त्यांना कमीपणा वाटत असावा. प्राचार्य इतिहासाचे. म्हणजे फळ्यावरचं कळणारे तज्ज्ञ आणि मी, दोघेच.

आधीच्या उमेदवाराने स्लाईड दाखवल्या. सगळं बरोबर होतं, इंग्रजी स्वच्छ होतं, एकोणिसाव्या मिनिटाला आभार मानून ते थांबले. मुलांनी एकही प्रश्न विचारला नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

मग हिंगणीचे सर आले. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. पहिल्या बाकांवरच्या सात मुलांना रोल नंबरप्रमाणे ओळीने उभं केलं आणि म्हणाले, "चष्म्याचा नंबर सांगा आपापला. पाव-अर्धा सोडून द्या, गोल आकडा सांगा. चष्मा नसन तर शून्य."

आकडे आले ते असे: उणे दोन, शून्य, उणे तीन, अधिक एक, उणे दोन, शून्य, उणे एक. सरांनी खडूने जमिनीवर चौकोन आखले आणि त्यांत शून्यापासून नंबर टाकले. कुठल्या नंबरची किती माणसं, ते ज्या त्या चौकोनात मोजायचं.

"आता उणे तीनवाला कोन्त्या चौकोनात जाईन? उणे तीन नंबरचा चौकोन आहे का कुठी?"

"नाई सर."

"सी भाषेमधी लिहिलं तर कॉम्प्युटर नाई म्हनत नाई बरं. शून्याच्या मांगं दुसऱ्याचं जे काही ठेवलं असन, त्याच्यात जाऊन मोजून येते, अन् तुमाले पत्ताच लागत नाई. म्हनून पयले सगळ्यात लहान आकडा पाहाचा. उणे तीन. तो प्रत्येकातून वजा करा. उणे तीनातून उणे तीन गेले, शून्य. उणे दोनाचा एक. शून्याचा तीन. अधिक एकाचा चार. झाले पाच चौकोन, शून्य ते चार. अन् हे फक्त चौकोन शोधाले. चष्म्याचा नंबर ज्याचा त्याच्या नाकावरच राह्यते, तो बदलत नाई."

अध्यक्ष हसले. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला. मला वाटलं, जमलं.

चौकोनांत मोजणी झाली: एक, दोन, एक, दोन, एक. सरांनी तिची चढती बेरीज केली, म्हणजे प्रत्येक चौकोनात आधीच्या सगळ्यांची भर घातली: एक, तीन, चार, सहा, सात. म्हणजे दुसऱ्या चौकोनातली दोन माणसं तिसऱ्या खुर्चीपर्यंत संपतात, हा त्या तीनचा अर्थ. समोर सात खुर्च्या मांडल्या होत्या. ज्याची पाळी त्याने आपल्या चौकोनातला आकडा बघायचा, त्या खुर्चीवर बसायचं, आणि सरांनी तो आकडा एकाने कमी करायचा.

आणि सरांनी ओळीतल्या पहिल्या मुलीला हाक मारली.

तिथेच चूक झाली. चढत्या बेरजेत प्रत्येक गटाची शेवटची खुर्ची असते; म्हणून मुलांना ओळीच्या शेवटाकडून बोलवावं लागतं, म्हणजे शेवटचा शेवटी बसतो. पुढून बोलवलं तर गटातला पहिला माणूस शेवटच्या खुर्चीवर जातो आणि क्रम उलटतो. हे सरांनी याआधी दर वर्षी बरोबर शिकवलं होतं. त्या दिवशी घाई झाली असणार, दुसरं काय! समितीतल्या माणसाने मध्ये बोलायचं नसतं. मी तज्ज्ञांकडे बघितलं, तर ते फोन कानाला लावून बाहेर व्हरांड्यात गेलेले. आत ही चूक कळणारं मोठं माणूस मी एकटी.

पहिली मुलगी, उणे दोनची, तिसऱ्या खुर्चीवर बसली. पाचवा मुलगा, तोही उणे दोनचा, दुसऱ्या खुर्चीवर. सातही जण बसले. उणे तीन, उणे दोन, उणे दोन, उणे एक, शून्य, शून्य, अधिक एक. चढता क्रम अगदी बिनचूक. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून पुन्हा मान डोलावली. सरांनी आता "धन्यवाद" म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं, आणि मी मनातल्या मनात त्यांना तेच म्हणत होते, म्हणा की हो धन्यवाद.

तेवढ्यात तिसऱ्या खुर्चीवरची ती मुलगी म्हणाली, "सर, रोल नंबरानं तर मी याच्या पयले होती. आता हा माह्या पुढे काऊन?"

शेजारचा मुलगा म्हणाला, "का फरक पडते? दोघंही उणे दोनच तं आहो."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते खुर्च्यांकडे बघत राहिले, मग जमिनीवरच्या आकड्यांकडे. त्यांना कळलं, ते मला त्यांच्या मानेवरून कळलं.

"फरक पडते," ते म्हणाले. "रोल नंबरानं लावाची मेहनत आपन आधी केली होती. चष्म्यानं लावताना ते बरबाद नाई झाली पाह्यजे. ते पोरगी बरोबर बोलून राह्यली. चूक माही झाली. उठा सगळे, ओळीत जा परत."

प्राचार्य म्हणाले, "सर, दोन मिनिटं राहिलीत."

"हो सर."

त्यांनी चौकोनांतले आकडे पुसून पुन्हा एक, तीन, चार, सहा, सात लिहिले आणि या वेळी शेवटच्या मुलापासून सुरुवात केली. उणे एक चौथ्या खुर्चीवर. मागचा शून्य सहाव्यावर. मागचा उणे दोन तिसऱ्यावर. अधिक एक सातव्यावर. उणे तीन पहिल्यावर. पुढचा शून्य पाचव्यावर. पहिली मुलगी अजून उभीच होती, तेव्हा वेळ संपल्याची घंटा प्राचार्यांनी वाजवली. तरी ती जाऊन दुसऱ्या खुर्चीवर बसली. सर घाईघाईने म्हणाले की पुढूनच जायचं असेल तर चौकोनात शेवटची नाही, सुरुवातीची खुर्ची लिहा आणि दर वेळी एकाने वाढवा. तेवढं बोलून त्यांनी हात झाडले. समारोप राहिला, आभार राहिले, आणि मूल्यमापनात त्या दोन्हींना गुण होते.

नंतर बंद दाराआड गुण भरताना अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. तज्ज्ञ म्हणाले, मी नेमका बाहेर होतो, मॅडमच सांगतील.

"मॅडम, मले त्यातलं काही कळत नाई," अध्यक्ष म्हणाले. "पोरं तं बराबर बसली होती ना पयल्यांदा? मंग त्यानं उठवलं काऊन? खरंच चूक झाली होती का?"

मी नाही म्हटलं असतं तर त्या खोलीत मला कुणी खोटं ठरवलं नसतं. आजही मला ते वाक्य तयार ऐकू येतं: चूक नव्हती, दोन्ही पद्धती त्यांनी दाखवल्या. किती सभ्य, किती पटण्यासारखं! पण ते जे शिकवून गेले होते, ते त्यांच्याच नावाने मला खोटं करावं लागलं असतं.

"हो," मी म्हटलं. "झाली होती. मुलीने विचारलं, त्यांनी ओळखली आणि तिथल्या तिथे दुरुस्त केली. मी असा तास या विभागात पाहिलेला नाही."

"पन चूक झाली."

"झाली."

अध्यक्षांनी पेन उचललं. मी माझ्याकडून पूर्ण गुण दिले, पण माझ्या एकटीच्या गुणांनी काय होणार? स्लाईडवाल्या उमेदवाराची निवड झाली. त्यांच्याबद्दल मला तक्रार नाही; ते चांगलं शिकवतात. मला राग आला तो कुणाचा, हे मला अजून नीट सांगता येत नाही, पण आला, आणि घरी पिपरी मेघेला जाईपर्यंत तो उतरला नाही.

पुढच्या आठवड्यात मी नवं वेळापत्रक केलं. हिंगणीचे सर कपाटावरचं सामान न्यायला आले, तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, की चूक झाली होती का असं मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं. त्यांना ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं मला वाटलं.

"बराबर केलं तुमी," ते म्हणाले. "नाई म्हनाले असते, तर ते पोरगी खोटी पडली असती ना मॅडम."

मग त्यांनी हेल्मेट घेतलं आणि जिना उतरून गेले. दहाच्या तासाला मी वर्गात गेले. पहिल्या बाकावर तीच मुलगी होती, आणि तिने विचारलं, हिंगणीचे सर आता कधी येतील. मी तिला खरं ते सांगितलं.