बरणीतली बंडी

माणसाला नाक दिलंय ते चष्मा टेकवायला, असं मी पथकात नव्यानं येणाऱ्यांना सांगतो. त्यांना ती थट्टा वाटते. पोलिसांच्या श्वानपथकात माझी सगळी नोकरी झाली ती कुत्र्याच्या दोरीच्या मागच्या टोकाला. पुढच्या टोकाला असतो त्याला सगळं कळत असतं आणि मागच्या टोकाला असतो त्याला पगार असतो. लोक मात्र प्रश्न मलाच विचारतात.

माझी कुत्री डॉबरमन होती. माग काढायला लागली की तिचं नाक जमिनीपासून बोटभर वर चालायचं आणि भराभर हुंगल्याचा बारीक आवाज यायचा. आपण श्वास सोडला की आत आलेला वास त्याच वाटेनं बाहेर जातो. कुत्र्याच्या नाकपुड्यांना बाजूला चिरा असतात. सोडलेला श्वास तिकडून निघतो, पुढून नवा वास आत येतच राहतो. माणूस चालतो तेव्हा त्याच्या अंगावरून कातडीचा न दिसणारा भुगा सांडत जातो. तो गवतावर, मातीवर पडतो, दंव असलं की चांगला टिकतो, ऊन तापलं की उडून जातो. पाऊल आधी कुठलं पडलं आणि नंतर कुठलं, हे तिला त्यातल्या ताजेपणावरून समजायचं. हे सगळं मी प्रशिक्षणात शिकलो, परीक्षेत लिहिलं, पासही झालो. पण एकदाही मला स्वतःला त्यातलं काही हुंगता आलेलं नाही.

कोडोलीच्या पलीकडच्या एका गावातून बोलावणं आलं तेव्हा थंडीचे दिवस होते. घरातले म्हातारे आजोबा आदल्या संध्याकाळपासून बेपत्ता होते. त्यांना विसरायला व्हायचं. विकून टाकलेले बैल शोधायला पूर्वीही एकदा निघून गेले होते, तेव्हा वेशीवरून परत आणलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा सकाळ कोवळी होती, गवत ओलं होतं, वारा नव्हता. मला बरं वाटलं. माग काढायला याहून चांगली वेळ मिळत नाही.

मी त्यांच्या अंगावरचं कापड मागितलं. थोरली सून आत गेली आणि इस्त्रीची घडी घालावी तसं धोतर आणि सदरा ताटात ठेवून घेऊन आली. दोन्ही ओलसर होते.

"धुतलंत?" मी विचारलं.

"मग? पोलीस येणार म्हटल्यावर मळकी कापडं कशी द्यायची पावण्यांच्या हातात? पहाटं उठून सगळीच धुतली की."

तिच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती. मला इतका राग आला की मी तोंड फिरवून कुत्रीचा पट्टा नीट करत बसलो. बाई घर सांभाळत होती, तिला काय बोलणार. उशीचा अभ्रा धुतला होता, चादर धुतली होती. शेवटी थोरल्या मुलानं खुंटीवरचं घोंगडं काढून दिलं.

"ह्ये आबांचंच हाय. ह्येला पाणी कधी लागत न्हाय."

"नक्की त्यांचंच?"

"त्यांचंच वो सायेब. त्यांच्या लग्नातलं हाय."

मी घोंगडं कुत्रीपुढं धरलं. तिनं नाक खुपसलं, दोन क्षण हुंगलं आणि दोरी ताणली. असली सरळ ओढ मला फार थोड्या वेळा अनुभवायला मिळाली आहे. ती गोठ्यामागून बांधावर गेली, बांधावरून उसाच्या सरीत शिरली. मागून अर्धं गाव. उसाची पानं तोंडावर फटाफट बसत होती आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, सापडले, म्हातारबुवा सापडले.

ती थांबली पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी. दारात धाकटा मुलगा बसला होता. रात्रभर बापाला शोधून, सकाळी पाण्याची पाळी चुकू नये म्हणून परस्पर इकडं आलेला. कुत्रीनं त्याच्या गुडघ्यावर पुढचे पाय ठेवले आणि भुंकली.

 मागच्या गर्दीत कुजबुज सुरू झाली, आणि ती कसली ते मला न वळता समजलं. पोलिसाचं कुत्रं ज्याच्या अंगावर जातं त्यानं काहीतरी केलेलं असतं, हे लोकांना पक्कं ठाऊक असतं. त्या पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

"परवा रात्री घोंगडं कुणाकडं होतं?" मी ओरडलोच.

"माझ्याकडं," तो म्हणाला. "पाण्याला जो जातो त्यो नेतो. ह्या आठवड्यात मीच जातोय. आबा तर दोन सालं झाली, रानात रात्री आल्यालंच न्हाईत."

घोंगडं आजोबांचंच होतं. नाव त्यांचं, अंग ज्याची पाळी असेल त्याचं. रात्रीची वीज, रात्रीचं पाणी, आणि घरात एकच घोंगडं, हे त्या लोकांना इतकं अंगवळणी पडलेलं की सांगायचं कुणाला सुचलंच नाही. कुत्रीनं तिचं काम चोख केलं होतं. तिला जो माणूस दिला तो तिनं शोधला. गर्दीला मी हे तीन-तीनदा समजावलं. काहींनी माना हलवल्या, काही जण तरीही त्या पोराकडं बघतच राहिले. आम्ही घरी परतलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि गवतावरचं दंव गेलं होतं.

ओसरीच्या कोपऱ्यात आजी बसल्या होत्या, आजोबांची बायको. सकाळपासून त्या काही बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी पदराखालून एक मळकी बंडी काढली.

"सून धुवाय न्हेणार हुती. मी उशाखाली दडवली," त्या म्हणाल्या. "रात्री जवळ घिऊन निजले हुते. ह्यात हाईत बघ ते."

मी बंडी नाकाशी नेली. तंबाखू, वैरण आणि जुनं कापड, बाकी काही नाही. आजींनी ती माझ्या हातातून घेतली, तोंडाला लावली आणि डोळे मिटले. "येतोय की मला," त्या म्हणाल्या. मला ते खरं वाटलं. जन्मभर शेजारी असलेल्या माणसाचा वास माणसाच्या नाकालाही ओळखता येतो. तो कुठं गेला, एवढंच त्या नाकाला सांगता येत नाही.

बंडीला आता आजींचाही वास होता, पण त्याला उपाय असतो. कापडाला जितक्यांचा हात लागला असेल तितके तिथं उभे करायचे. कुत्री आधी त्यांना हुंगते, हे इथंच आहेत म्हणून सोडून देते, आणि जो इथं नाही त्याच्या मागं लागते. मी आजींना उभं केलं. मी स्वतः होतोच. कुत्रीनं बंडी हुंगली, आजींच्या पायाशी गेली, माझ्याकडं आली, मग अंगणात एक गिरकी घेऊन उलट्या बाजूनं निघाली. सकाळी जिकडं गेलो त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला.

वाटेत गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळत होता आणि त्या गोड वासापुढं आम्हा कुणाच्या नाकात दुसरं काही शिरत नव्हतं. "आता कुत्री चुकतीया बघा," मागून कोणीतरी म्हणालं. ती चुकली नाही. आपल्याला एक मोठा वास आला की बाकीचे बुजतात. तिला गूळ वेगळा कळत होता, धूर वेगळा, आणि त्यांच्या खालून गेलेला एक म्हातारा माणूसही. ती चिपाडांच्या ढिगाला वळसा घालून पुढं गेली. आता मात्र ओढ सकाळसारखी नव्हती. मध्येच ती थांबायची, मागं यायची, पुन्हा धरायची.

डांबरी रस्त्याला एसटीच्या थांब्यापाशी ती गोल फिरायला लागली. उसाच्या ट्रॉल्या धडधडत जात होत्या. डांबर तापलं होतं. तिनं नाक वर केलं, खाली केलं, रस्त्यापलीकडं जाऊन आली, आणि मग माझ्याकडं बघितलं. ही नजर मला ओळखता येते. संपलं, असा तिचा अर्थ.

आजी सगळी वाट मागून चालत आल्या होत्या. मला धाप लागली होती, त्यांना नाही.

"काय म्हणती?"

"इथपर्यंत आले होते म्हणते."

"आणि फुडं?"

ते कुणाच्या गाडीत बसले म्हणून माग तुटला, की ऊन झालं म्हणून गेला, यातलं काय, हे मला सांगता येईना. दंव असताना आलो असतो तर माग रस्त्यापलीकडं गेला असता का, तेही नाही. माझ्या हातात दोरी होती आणि मला तिचा उपयोग नव्हता. इतकं निरुपयोगी मला वर्दीत कधी वाटलं नव्हतं.

"पुढचं तिला गवसत नाही, आजी," मी म्हणालो.

बंडी मी पथकाकडं ठेवायला मागितली. त्या देईनात. कोणी म्हातारबुवांना कुठं बघितलं तर त्या जागी पुन्हा माग काढायला हीच लागणार होती, दुसरं काही उरलंच नव्हतं. शेवटी मी एक काचेची बरणी उकळून, वाळवून घ्यायला लावली आणि बंडी तीत घालून झाकण घट्ट लावलं. "उघडू नका," एवढंच बजावलं. "प्रत्येक वेळी थोडं थोडं जातं त्यातलं."

त्यांनी बरणी मांडीवर घेतली. "बरं," म्हणाल्या.

ठाण्यानं कंडक्टरांना विचारलं, ट्रॉलीवाल्यांना विचारलं, दवाखाने पाहिले. एकदा मलकापुरात देवळात एक म्हातारा बसलाय असं कळलं. आम्ही निघायच्या आधीच फोटो आला. दुसराच कुणीतरी होता.

उन्हाळा संपत आला असताना आजी कोल्हापुरात आमच्या मैदानावर आल्या. बरोबर धाकटा मुलगा होता. गावात अजून काही जण त्याच्याशी नीट बोलत नाहीत, हे त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. आजींनी पिशवीतून बरणी काढली.

"एकदा दाखीव की तिला. सगळ्यांची वाट संपली म्हणून तिची बी संपली असंल असं न्हाय."

मैदानावर कसला माग असणार होता? तरी मला नाही म्हणवेना. मी झाकण फिरवलं. ते सैल होतं, रोज फिरवल्यासारखं. कुत्रीनं बरणीत नाक घातलं, बराच वेळ हुंगलं, एक फेरी मारली आणि आजींपुढं येऊन बसली. त्यांच्याकडं बघून भुंकली.

आजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग हात थांबला.

"माझ्याकडं का आली?"

"तुमचा वास आहे बंडीला."

"आन् त्यांचा?"

कदाचित होता, आणि इथं त्यांची पाऊलवाट नाही म्हणून कुत्री जे होतं त्याकडं आली. कदाचित काहीच उरलं नव्हतं. तिला ते ठाऊक होतं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसून जीभ काढून धापत होती. मी बंडी नाकाला लावली, जोरात श्वास घेतला, पुन्हा घेतला.

"असेल की," मी म्हणालो.

"असंल न्हवं. हाय का न्हाय, त्ये सांग."

"मला नाही कळत, आजी."

 मग त्यांनी बंडी माझ्या हातातून घेतली, पण बरणीत घातली नाही. घडी करून कमरेला खोचली आणि रिकामी बरणी मैदानाकडेच्या टेबलावर माझ्यापुढं ठेवली.

"ऱ्हाऊ दे ही तुला," त्या म्हणाल्या. "आता झाकून कुणासाठी ठेवू?"