सारा बसलीच नाही

पन्नाशी गाठली की बाईला ‘सारा दिसली’ म्हणायचं, आणि तिच्या घरापुढे चिंध्या भरलेली म्हातारी बाहुली, तीच सारा, बसवायची. रूरमोंड या डच शहरात हे घरोघरी चालतं. मार्लूसने मात्र आपल्या जोडीदाराला, थेओला, बजावलं होतं, माझ्या दारात ते सोंग नको. विषय निघाला की दरवेळी तेच. आणि पन्नासाव्या वाढदिवसाच्या सकाळी उठल्याउठल्या तिने पडदा सरकवून पाहिलं ते अंगणातच.

अंगण रिकामं होतं.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “काय गं, तुझी सारा माहेरीच राहिली वाटतं?” मार्लूस हसली. संध्याकाळी थेओ चेरी भरून भाजलेला गोड फ्लाय आणि फुलं घेऊन वेळेवर आला, अगदी तिने सांगितलं होतं तसा. तिने त्याचे आभार मानले, बशा धुतल्या आणि डोकं दुखतंय म्हणून त्याला लवकर घरी पाठवलं. तिचा राग असाच असायचा, नम्र आणि थंडगार. तासाभराने फोनवर ह्यूबचा निरोप आला, ‘आठवण आली.’ हा जुना प्रियकर तिला कित्येक वर्षं झुलवत होता, मनात येईल तेव्हा यायचा, मनात येईल तेव्हा गायब व्हायचा. तिने लगेच उत्तर लिहिलं. छातीत धडधडलं. थेओजवळ कधी असं होत नसे, म्हणून थेओ तिला जरा कंटाळवाणाच वाटायचा.

हिवाळ्यापासून ती गेर्दीन या मानसोपचारतज्ज्ञ बाईकडे उपचारांना जायची. या खेपेस तिने थेओचं गाऱ्हाणं मांडलं. बाजू घेईल असं वाटलं होतं, पण गेर्दीनने विचारलं, “तुला काय हवं होतं ते त्याला ठाऊक होतं?”

“त्याला कळायला हवं होतं.”

“पूर्वी कुणाला कळायला हवं होतं?”

 गेर्दीनने डोळे मिटायला सांगितलं, आणि हेच दुखणं पूर्वी जिथे झालं होतं तिथे मनाने जायला. लहानपणीचं स्वयंपाकघर दिसलं. सातवा वाढदिवस. बाप मालवाहू बोटीवर, आई पडदे ओढून अंथरुणात. इस्त्रीचा फ्रॉक घातलेली पोर वाट बघून बघून शेवटी स्वतःच केक कापते आणि बशी धुऊन ठेवते, कुणाला त्रास नको म्हणून.

“तिला काय म्हणावंसं वाटतं?”

“रडूबाई,” मार्लूस दात आवळून म्हणाली. “आईला बरं नाही, दिसत नाही का.”

गेर्दीनने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. हा दटावणारा आवाज तिथे बसव, तो तुझा नव्हे. मग विचारलं, मी त्या स्वयंपाकघरात आले तर चालेल का? मार्लूसने मान डोलावली. चित्रातली गेर्दीन फरशीवर पोरीशेजारी बसली आणि म्हणाली, मागितल्याने तू कुणाला जड होत नाहीस, तुझ्याकडे लक्ष देणं हे मोठ्यांचं काम होतं. तेव्हा कुठे मार्लूसला रडू फुटलं.

गेर्दीन याला स्कीमा म्हणायची. माझ्या मनाची काळजी कुणी घेणार नाही, हा त्या पोरीने धरलेला नियम. तेव्हा त्यानेच तिला तगवलं होतं. आता तोच माणसं निवडत होता. जो हात आखडून प्रेम देतो तो ओळखीचा, म्हणून धडधड. जो भरभरून देतो त्याच्यापासून इच्छा लपवायची, मनातल्या मनात परीक्षा घ्यायची, तो नापास झाला की नियम पुन्हा खरा ठरतो. हे समजणं सोपं होतं. समजून भागत नाही, हेच अवघड.

शुक्रवारी थेओ आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. सारा हवी होती हे, आणि ह्यूबचंही.

थेओने कपातला चमचा फिरवला. “मी बाहुली मागवली होती गं. तुझं नको-नको ऐकून परत केली.” मग म्हणाला, “परीक्षा आहे एवढं तरी सांगायचंस.”

“मला मागता येत नाही, थेओ.”

“आणि ह्यूबला लिहिता येतं.”

तो कोट घालू लागला.  ‘जा, मी ठीक आहे’ मार्लूसच्या जिभेवर आलं होतं. ती म्हणाली, “आज थांब. मला भीती वाटतेय.”

“आज नाही. मला राग आलाय. रविवारी दुपारी येईन, तेव्हा बोलू.”

दार लागलं. बघ, शेवटी गेलाच, असं आत कुणीतरी ताबडतोब म्हणालं, आणि त्या आवाजात काही खोट वाटत नव्हती. ह्यूबला लिहायचं तर फोन टेबलावर होता. एवढं मागितलं आणि नकार मिळाला, तरी माणूस रविवारी येणार म्हणाला, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा धरायच्या ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. फोन तिने उचलला नाही. थेओची सायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत खिडकीशी उभी राहिली, आणि नंतरही.