ग्रेस नको, गुण द्या

कुंदाबाईंना राग येत नसे, असं त्यांच्या घरचे सांगत. यवतमाळात कोर्टाच्या कारकुनाची ही थोरली लेक. चतुर्थीचा उपास कधी मोडला नाही, कुणाला उलटून बोलली नाही. नागपूरला जाऊन गणितात एम.एस्सी. झाली आणि यवतमाळच्याच कॉलेजात एका वर्षाच्या बदली जागेवर लागली, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "एवढी गरीब पोरगी पोरांना काय दटावणार?" त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात मात्र या गरीब पोरीचा राग साऱ्या कॉलेजानं पाहिला.

तिथं गणिताचे हेड होते यज्ञेश्वरपंत. त्यांच्या नोट्स म्हणजे वेदवाक्य. दरवर्षी त्याच वहीतून, त्याच चालीवर सांगायचे. पोरांनी उतरून घ्यायच्या, पाठ करायच्या आणि पेपरात ओतायच्या. पूर्वपरीक्षेत जो नापास, त्याचा विद्यापीठाचा फॉर्म कॉलेज पाठवत नसे. वर्ष बुडालं म्हणून समजा.

त्या पूर्वपरीक्षेला हेडसाहेबांनी एक प्रश्न घातला. अनंत पदांची बेरीज करत गेलं आणि ती एका ठरावीक आकड्याशी येऊन टेकत गेली, तर ती सीरीज कन्व्हर्ज झाली म्हणतात. प्रश्न असा, की सीरीज कन्व्हर्ज होत असेल, तर तिच्या प्रत्येक पदाचा वर्ग करून केलेली सीरीजही कन्व्हर्ज होते, हे सिद्ध करा. दहा गुण. नोट्समध्ये सिद्धता चार ओळींची होती. पुढं पुढं पदं एकाहून लहान होतात, लहान संख्येचा वर्ग त्याहून लहान, म्हणून वर्गांची बेरीजही आटोक्यात राहणार. साऱ्या वर्गानं हेच लिहिलं.

लिहिलं नाही ते एकट्या प्रेमसिंगनं. पुसदकडच्या तांड्यावरचा मुलगा. त्याच्या आज्यापर्यंत लोक बैलांवर मीठ-धान्य लादून फिरायचे, बाप आता शेती करायचा. त्यानं लिहिलं, "हे सिद्ध होत नाही. उदाहरण देतो." आणि खाली पानभर मांडणी. हेडसाहेबांनी त्यावर तिरपी रेघ मारून शून्य ठेवलं होतं. त्या शून्यापायी पोरगा सहा गुणांनी नापास झाला.

बेरजा तपासायचं काम कुंदाबाईंकडे होतं. स्टाफरूममध्ये त्यांनी ते पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि तशाच उठून हेडसाहेबांच्या टेबलाशी गेल्या.

"सर, हे बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"प्रेमसिंगचं उत्तर. प्रश्नच चुकलाय."

यज्ञेश्वरपंतांनी चष्मा काढला. "कुंदाबाई, अकरा वर्षं शिकवतोय मी हा सिद्धांत."

"अकरा वर्षं चुकताय मग," त्या बोलून गेल्या.

त्यांनी सूचनांच्या फळ्यावर प्रेमसिंगचं उदाहरण लिहिलं. पहिलं पद एक. त्यातून एक भागिले दोनाचं वर्गमूळ वजा, मग एक भागिले तिनाचं वर्गमूळ अधिक, मग चाराचं वजा, असं एकाआड एक. "बघा. बेरीज आधी एक, मग उतरून शून्य पूर्णांक एकोणतीस, मग चढून सत्त्याऐंशी, पुन्हा उतरून सदतीस. पाळण्यासारखी झुलते, पण पद लहान होत शून्याकडे जातं, म्हणून झोकाही लहान होत जातो आणि बेरीज एका जागी येते. कन्व्हर्ज झाली ना?"

"झाली."

"आता वर्ग करा. वजाचं चिन्ह गेलं, वर्गमूळही गेलं. उरलं काय? एक, अधिक एक द्वितीयांश, अधिक एक तृतीयांश, अधिक एक चतुर्थांश... तिसरं-चौथं मिळून अर्ध्याहून जास्त. पुढची चार मिळून अर्ध्याहून जास्त. त्यापुढची आठ मिळून पुन्हा तेच. अर्धे-अर्धे मिळतच जातात, बेरीज कुठंच टेकत नाही. पहिल्या सीरीजमध्ये अधिकाला वजा खात होता म्हणून ती थांबली. वर्गांत वजाच नाही, मग खाणार कोण? तुमची सिद्धता सगळी पदं धन असतील तरच चालते, सर. ते तुम्ही कुठं म्हटलंय?"

हेडसाहेब उठून फळ्यासमोर आले, बोटानं एकेक पद तपासलं. त्यांना कळलं. कुंदाबाई पुढं शपथेवर सांगायच्या की त्या क्षणी त्यांना कळलं होतं, तोंडावर दिसलं. पण बोलले ते असं: "हा अपवाद आहे. आणि तांड्यावरच्या पोरानं हे कुठून उचललं, ते विचारा आधी."

कुंदाबाईंनी खडू खाली आपटला. "गणितात एक अपवाद निघाला की सिद्धांत मेला, सर. आणि उचललं असतं तर तुमच्या नोट्समधूनच उचललं असतं ना, बाकीच्यांसारखं!"

प्रकरण प्रिन्सिपॉलसाहेबांपर्यंत गेलं. ते संस्कृतचे. सीरीज-बिरीज त्यांच्या बापानं पाहिली नव्हती. भांडण मिटावं एवढंच त्यांना हवं होतं. "यज्ञेश्वरराव, सहा गुण ग्रेस द्या. मुलगा पास, विषय बंद."

"देतो," हेडसाहेब लगेच म्हणाले. "गरीब आहे, दया करू."

प्रेमसिंगला आत बोलावलं. तो दाराशीच उभा राहिला.

"तुला ग्रेस देतोय. सरांचे पाय धर," प्रिन्सिपॉल म्हणाले.

प्रेमसिंगनं कुंदाबाईंकडे पाहिलं, मग हेडसाहेबांकडे. "सर, माहं उत्तर चूक असन तं शून्य राहू द्या. मी पुढच्या साली बसतो. बरोबर असन तं गुण द्या. मले दया कायले?"

"मिजास बघा!" हेडसाहेब म्हणाले.

"मिजास नाई, सर. मले फक्त सांगा, चूक कुठी हाय?"

ग्रेस नाकारणारा मुलगा त्या खोलीत कुणी पाहिला नव्हता. हेडसाहेबांनी दौत ओढली, टाक बुडवून पेपरावर शून्याशेजारी 'ग्रेस ६' लिहिलं आणि कुणाकडे न बघता बाहेर पडले.

कुंदाबाईंनी तोच टाक उचलला. 'ग्रेस' खोडलं, सहा खोडला, शून्य खोडलं, दहा लिहिले आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली.

"अहो बाई, हे तुमच्या अधिकारात नाही," प्रिन्सिपॉल कळवळले.

"अधिकार नाही, ठाऊक आहे. कृपा देवानं करावी, साहेब, त्याच्यापुढं मी रोज हात पसरते. पण ज्याचं त्याला देताना कृपा कसली म्हणायची? चोरीचा माल परत करताना दान केलं म्हणतात का कुणी? पुन्हा खोडायचं असेल तर तुम्ही खोडा. मात्र कारण लिहा, आणि सही करा."

प्रिन्सिपॉलांनी पेपर उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. कारण काय लिहिणार? शेवटी प्रेमसिंगचा फॉर्म पुढं ओढून त्यावर सही केली. पेपरावर मात्र नाही केली.

जूनमध्ये कुंदाबाईंची जागा पुढं चालू ठेवली नाही. कारण विचारलं तर कारकून म्हणाला, "बदली जागा होती, संपली." वडील दोन दिवस जेवले नाहीत. आई म्हणाली, "एका पोरासाठी एवढं?" त्यावर कुंदाबाई म्हणाल्या, "आई, पोरासाठी असतं तर ग्रेसवरच भागलं असतं." आणि पुसदच्या मुलींच्या शाळेत त्या रुजू झाल्या. कॉलेजची बाई शाळेत आली, म्हणून लोकांनी कीवही केली. ती त्यांनी घेतली नाही.

पावसाळ्यात प्रेमसिंग भेटायला आला. पास झाला होता. आईनं, धुरपताबाईनं, फडक्यात बांधून दिलेल्या तिळाच्या पोळ्या त्यानं पुढं ठेवल्या. कुंदाबाईंनी आधी कॉलेजचं विचारलं.

"हेड सर आता नव्या पोरांइले तोच सिद्धांत सांगून राह्यले, बाई," तो म्हणाला. "फक्त सुरुवातीले 'सर्व पदं धन असल्यास' जोडते."

कुंदाबाई पोळीचा तुकडा मोडता मोडता थांबल्या. "चूक झाली होती, असं म्हणाले?"

"नाई. जसं काही पयलेपासून तसंच होतं."

"तुझं नाव?"

"माहं नाव कायले घेतीन ते?"

बाईंनी पोळी खाली ठेवली. नोकरी गेली तेव्हा त्या इतक्या संतापल्या नव्हत्या. "म्हणजे कळलं होतं त्यांना! फळ्यासमोर उभे होते तेव्हाच कळलं होतं!"

दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात, जिथं त्या सीरीजचं नावही निघायचं कारण नव्हतं, कुंदाबाईंनी मुलींना पुस्तकं मिटायला सांगितली आणि फळ्यावर एक मोठा एक काढून त्याच्यापुढं वजाचं चिन्ह लिहिलं. "हे उदाहरण," त्या म्हणाल्या, "प्रेमसिंगचं आहे. तसंच नाव लिहून घ्या."