गुलाबवालीचा रविवार

घराच्या मागच्या जागेत तिची रोपवाटिका होती. लोक तिला गुलाबवाली म्हणत, कारण तिच्या हातचा गुलाब सहसा मरत नसे. जंगली गुलाबाच्या खुंटाची साल चाकूने अलगद उकलायची, चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, आत सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायचं. याला डोळा भरणं म्हणतात. ही कला तिला वडिलांनी शिकवली होती. नवरा टेम्पोने रोपं पोचवायचा, त्याचा जीव मात्र चाकांत होता, रोपांत नव्हता.

दोन्ही मुली कामाला हात लावायच्या, पण तिनं घातलेल्या अटीवर. शनिवारी दुपारी अभ्यास उरकला तर कुंड्या भरायच्या, रविवारी सकाळी गिऱ्हाईक बघायचं. दुपारी जेवण झालं की पुन्हा पुस्तकं. परीक्षेच्या महिन्यात रोपवाटिकेच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही.

"आम्ही म्हणजे बिनपगारी नोकर," धाकटी म्हणायची.

"पगार घे ना, दोन वेळचं जेवण मिळतंय की," थोरली तिची वेणी ओढत म्हणायची.

थोरली दहावीत होती. तिचा हात आईसारखाच हलका होता. रविवारी आई तिला एखाद-दोन खुंट द्यायची आणि बाजूला उभी राहून बघायची. तेवढाच आईचा आठवड्यातला आनंद होता.

मग आईचे हात थरथरू लागले. आधी चहाचा कप धरताना, मग चाकू धरताना. डॉक्टर म्हणाले, औषधानं थोडं आटोक्यात राहील, पूर्ण जाणार नाही. त्या हंगामात तिनं भरलेले बरेचसे डोळे काळे पडले. ती त्यांच्या पट्ट्या सोडवायची आणि खुंट तसेच ठेवायची.

पुढच्या खेपेला मात्र डोळे हिरवे राहिले. आई हरखली. औषध लागू पडलं, असं तिनं नवऱ्याला दोनदा सांगितलं.

मग शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका ओरडल्या नाहीत, तेच आईला जास्त लागलं.

"हुशार मुलगी आहे हो तुमची. पण पहिल्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपते. गणितात दोनदा नापास झाली. घरी काही अडचण आहे का?"

"नाही," आई म्हणाली. "आमच्याकडे तर फक्त शनिवार-रविवारचं काम असतं."

घरी येताना तिला ते हिरवे डोळे आठवले.

"तूच भरतेस ना?" दारातच तिनं थोरलीला विचारलं.

थोरली म्हणाली, "पहाटे उठते, तू भरलेले डोळे काढून नवे भरते. खुंटाची साल सहज सुटते ते दिवस थोडेच असतात, आई. रविवारपर्यंत थांबलं तर हंगाम जातो. आणि तू केलेले..."

"माझे जगत नाहीत. म्हण की."

"मला तुला वाईट वाटू द्यायचं नव्हतं."

आई तिच्यावर चिडली नाही. चिडायला बळच उरलं नव्हतं. ती रोपवाटिकेत एक चक्कर मारून आली आणि नवऱ्याला म्हणाली, "गुलाब बंद करायचे."

"अगं, लोक तुझ्याकडे येतात ते गुलाबासाठी."

"गुलाब रोज माणूस मागतो. डोळा भरा, मग खुंटाचे जंगली फुटवे खुडत बसा. ते शनिवार-रविवारचं काम नाही. पानांची झाडं लावू. फांदी खोचली की मुळं धरतात. मुली शनिवारी कुंड्या भरतील, रविवारी विकतील. मधल्या दिवसांत पाणी मी घालीन. तेवढं जमतं मला."

थोरली रडली, भांडली. "माझ्यासाठी नको ना बंद करूस!"

"तुझ्यासाठीच करतेय. तुला आवडत असेल तर शिक्षण झाल्यावर पुन्हा सुरू कर. पण झोपमोड करून नाही."

तयार गुलाब पुढच्या काही रविवारी विकले गेले. आई गल्ल्यापाशी बसून राहायची, रोप उचलून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला मात्र उठायची नाही. नवऱ्यानं उरलेले खुंट उपटले, तेव्हा ती घरात गेली आणि दार लावून घेतलं.

थोरली दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. गणितातही. शनिवारच्या कुंड्या चालू राहिल्या. पानांची झाडं बरी खपतात, घर चालतं. धाकटी तर गिऱ्हाइकांशी गप्पा मारत दोनाची तीन झाडं गळ्यात मारते.

एकदा एक म्हातारे गृहस्थ फाटकाशी आले. "गुलाबवाली इथेच राहते ना?"

थोरलीनं आईकडे बघितलं.

"राहायची," आई म्हणाली, आणि त्यांना बसायला स्टूल दिलं.