खात्रीचा रकाना

विम्याचा एजंट झालो तेव्हा माझं पहिलं गिऱ्हाईक माझा शाळेतला मित्र होता. चौलला त्याची सुपारीची वाडी. वाडी दोघांच्या नावावर, अर्धी याची, अर्धी मुंबईतल्या चुलतभावाची. विहीर चुलतभावाच्या अर्ध्यात. दोघांनी तोंडी ठरवलं होतं की पंधरा वर्षांनी हा त्याचा हिस्सा विकत घेईल. त्या पैशांसाठी त्याला पॉलिसी हवी होती.

मी वाडीतल्या बांधावर बसून त्याला कागद दाखवला. वर्षावर्षाच्या ओळी, आकड्यांचे रकाने. तो म्हणाला, "मला एवढं कळत न्हाय. शेवटी हातात किती येनार ते सांग."

मी खिशातलं लाल पेन काढलं आणि अगदी उजवीकडच्या, अगदी खालच्या आकड्याभोवती गोल केला. साडेसहा लाख.

"एवढे?"

"एवढे."

त्याने सही केली. सहीच्या वर छापलं होतं की यातल्या काही रकमा खात्रीच्या नाहीत, हे मला समजलं आहे. मी ते वाचून दाखवलं नाही. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. मला त्या वर्षीचं टार्गेट होतं, आणि खरं सांगायचं तर त्या आकड्यावर माझाही विश्वास बसला होता.

पंधरा वर्षांनी हातात आले चार लाख नव्वद हजार. चुलतभावाला त्याने साडेसहाचा शब्द दिला होता. चुलतभावाने दोनतीन महिने वाट पाहिली. मग हिस्सा बंगला बांधणाऱ्याला विकला. बंगलेवाल्याने दगडी कंपाउंड घातलं आणि विहीर पलीकडे गेली. मी मित्राला भेटायला गेलो तर तो झाडाच्या आळ्यातली माती ओढत होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "तुझं काय चुकलं? सही मीच केली व्हती ना."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. बाजारात समोर आला की मान खाली घालून पुढे जायचा. अशी चारपाच वर्षं गेली आणि एका पावसाळ्यात तो काविळीने वारला. मी स्मशानात मागे उभा राहिलो. त्याच्या घरी जायचं धाडस झालं नाही.

गेल्या वर्षी त्याची मुलगी माझ्याकडे आली. अलिबागला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. रेवदंड्याच्या बाजारात माझी एका टेबलाची जागा आहे, तिथे येऊन बसली. "काका, मला पॉलिसी काढायची आहे," म्हणाली आणि पिशवीतून एक जुना, घडीवर फाटलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "पण आधी मला हे समजावून सांगा. बाबांच्या ट्रंकेत होतं."

लाल गोल अजून ठळक होता. तिने नवीन पॉलिसीचा तक्ता मागितला तसा मी संगणकावरून छापून काढला. पाच लाख विमा रक्कम, वीस वर्षं, हप्ता वर्षाला सुमारे पंचवीस हजार. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पट्टी घेतली. पट्टीने उजवीकडचे सगळे रकाने झाकले.

"आता दिसतंय ते खात्रीचं," मी म्हणालो. "हप्ते वेळेवर भरलेस तर हे कंपनीला द्यावंच लागतं. वीस वर्षांनी पाच लाख. मध्ये तुला काही झालं तर आईला या रकान्यातलं. पॉलिसी मध्येच सोडलीस तर किमान हे, आणि सुरुवातीच्या वर्षांत ते भरलेल्या हप्त्यांपेक्षा फार कमी असतं."

"म्हणजे मी भरणार पाच लाख आणि खात्रीचे मिळणार पाचच लाख?"

"हो."

मग मी पट्टी सरकवली. "हे उजवीकडचे दोन रकाने बोनस धरून केलेले अंदाज आहेत. एकात धरलंय की कंपनीला तिच्या गुंतवणुकीवर चार टक्के मिळतील, दुसऱ्यात आठ. तेवढे टक्के तुझ्या हप्त्यावर मिळणार असं नव्हे. त्यातून खर्च जातो, विम्याची किंमत जाते. पहिल्यात पाच लाख नव्वद हजार दिसतात, दुसऱ्यात नऊ लाखांच्या थोडं खाली."

"म्हणजे याच्या मध्ये कुठेतरी मिळतील?"

"तेही नक्की नाही. खालीही राहू शकतं, वरही जाऊ शकतं. एकदा वार्षिक बोनस जाहीर झाला आणि पॉलिसीला जोडला गेला की तो काढून घेत नाहीत, मुदत संपल्यावर किंवा मृत्यूनंतर मिळतो. पण पुढच्या वर्षी किती जाहीर होईल हे आज कुणी सांगू शकत नाही. शेवटचा जादा बोनस तर शेवटीच कळतो."

तिने बापाचा कागद ओढून घेतला. त्या काळी अंदाज सहा आणि दहा टक्क्यांचे असायचे. तिने बोटाने रकाने शोधले. खात्रीचे तीन लाख. सहा टक्क्यांखाली चार लाख तीस हजार. दहाखाली गोल.

"त्यांना चार नव्वद मिळाले," ती म्हणाली. "या मधल्यापेक्षा जास्तच."

"हो."

"मग फसवलं कुणी?"

तिने ते रागाने विचारलं नव्हतं. दवाखान्यात पेशंटला कुठे दुखतं विचारावं तसं विचारलं. मी म्हणालो, "कंपनीने नाही. त्याने विचारलं होतं हातात किती येणार. मी तीन लाख सांगायला हवे होते, आणि वर जे येईल ते आलं तर आलं. तीन सांगितले असते तर त्याने चुलतभावाला वेगळा शब्द दिला असता. बाकीच्यासाठी वेगळी सोय केली असती. त्याला पंधरा वर्षं होती."

तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. कागदाची घडी घालत म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत आईला सांगायचे, मीच वाचलं नाही. मलाच वाचता येत नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. तो मला दोष देतोय असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, आणि त्याने तो सगळा स्वतःवर घेतला होता.

मी तिला विचारलं की पॉलिसी कशासाठी हवी. ती म्हणाली, आई माझ्यावर आहे, मला काही झालं तर तिचं काय. मी म्हणालो, "मग ही घेऊ नकोस. साधा टर्म विमा घे. जगलीस तर काही परत मिळत नाही, पण याच पैशातल्या थोड्या भागात आईसाठी कितीतरी मोठी रक्कम खात्रीची होते." तिने ते लिहून घेतलं.

आठवड्याने तिचा फोन आला. "काका, टर्म घेतला. ऑनलाइन. तुमच्याकडूनच घेणार होते, पण आई नको म्हणाली." मी म्हणालो, बरं केलंस.

त्या रविवारी मी चौलला गेलो. तिची आई पडवीत सुपाऱ्या सोलत होती. आत ये म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "वहिनी, त्याला वाचता येत होतं. मी वाचू दिलं नाही."

तिने अडकित्त्यासारखी नजर माझ्यावर धरली. मग विचारलं, "हे त्यांना कंदी सांगितलं व्हतं?"

"नाही."

"मग आता मला सांगून काय?"

तिने पुढची सुपारी हातात घेतली. मी कंपाउंडच्या कडेकडेने रस्त्यावर आलो.