हाक कोणी मारली

नळयोजना रखडली होती आणि शिव्या मी खात होतो. किनाऱ्यावरच्या वाडीतल्या विहिरी खारट, टँकरचा भरवसा नाही. ठेकेदार काम अर्धवट टाकून गेला. तेव्हा आमच्या कार्यालयातल्या कंत्राटी अभियंता मुलीने एक फिटर आणि एक जेसीबीवाला हाताशी धरून नदीकाठच्या विहिरीपासून डोंगरावरच्या टाकीपर्यंतची पाइपलाइन पुरी केली. वरून फर्मान आलं, टीमचं अभिनंदनपत्र लिहा. तिचं कंत्राट संपत आलं होतं आणि मुदतवाढीच्या प्रस्तावाला हेच पत्र जोडायचं होतं.

'अथक परिश्रम', 'उत्तम समन्वय' असलं काहीबाही लिहून मीच ते फाडलं. कुणाच्याही निरोप समारंभात खपेल असं पत्र कशाला? पाइपसाठी खणलेला चर कामाच्या मध्येच ढासळला होता; त्या दिवशी नेमकं काय झालं, ते फिटरला विचारलं.

"मी खाली पायपाचो सांधो आवळी होतंय. 'वर ये' म्हणान बाईंची हाक इली. वर इलंय आणि मागसून सगळी माती खाली!"

जेसीबीवाल्यानेही तीच हाक ऐकून यंत्र थांबवलं होतं. मी झोकात लिहिलं, 'प्रसंगावधान राखून त्यांनी सहकाऱ्याचा जीव वाचवला.'

तिने मसुदा वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, हे वाक्य काढा."

"अगं, याच वाक्यावर मुदतवाढ मिळेल!"

"माहीत आहे. पण मी तेव्हा डोंगरावर होते, टाकीपाशी."

"मग हाक कोणी मारली?" मी खेकसलोच.

आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या अदृश्य देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुदळ पडत नाही. सरकारी कामातही नाही, फक्त फाइलीत कुणी लिहीत नाही. त्या सकाळी आधीच उशीर झाला म्हणून तिनेच सांगितलं होतं, नारळ उद्या ठेवू. हे सांगताना तिची कार्यालयातली मराठी सुटली.

"माका पण ती हाक ऐकू इली, सर. खालसून. माझोच आवाज. आणि मी तोंड उघडूकच नाय."

भुताखेतांना हसणारा माणूस मी, पण भर दुपारी अंगावर काटा आला. मी घाबरलो होतो.

ते वाक्य खोडलं. तिने खरोखर केलं तेच लिहिलं. चर ढासळल्यावर, उशीर झालेला असूनही तिने काम थांबवलं, त्यापुढे चराच्या दोन्ही बाजूंना फळ्यांचा आधार दिल्याशिवाय कुणाला खाली उतरू दिलं नाही, भुसभुशीत जागा टाळून लाइन वळवली, आणि दाबाच्या चाचणीत गळलेला प्रत्येक सांधा पुन्हा उघडून बसवून घेतला. तेवढ्यावरच मुदतवाढ मिळाली.

आता ती साइटवर कुणालाही हाक मारत नाही. कितीही लांब असो, चालत जाते आणि खांद्याला हात लावते.